कांताबाईला समजलं की पास

घुग्घुसच्या त्या इंग्रजी शाळेत दुपारी दोन बोलावणी व्हायची. एक पोरांना, डबे उघडायचं. त्याला घंटा होती. दुसरं कांताबाईला, त्याला घंटा नव्हती. चौथीच्या वर्गाच्या दारातून माधवी मॅडम नुसती दोन बोटं हलवायच्या, आणि कांताबाई पोछा बादलीत सोडून, हात पदराला पुसत आत जायची.

कांताबाई तिथली आया. सोळा वर्षं झालेली. शिक्षण मराठी चौथी, तेही वरोऱ्याकडच्या एका खेड्यात. मूलबाळ नाही, नवरा गेलेला. सकाळी उठून तथागताच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावायची, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, आणि सात वाजता शाळेचं फाटक उघडायचं. केजीतल्या पोरांना शू-शीला नेणं, वर्ग झाडणं, खिडक्यांवरची कोळशाची काळी भुकटी पुसणं. ती भुकटी पुसून पूर्ण व्हायच्या आधी पुन्हा बसायची. तरी कांताबाई पुसायची.

मॅडमचं काम वेगळं होतं. चौथीच्या इंग्रजी पुस्तकात अवघड शब्द फार. पोरं खाणीतल्या, सिमेंटवाल्या, ट्रकवाल्या घरांतली. घरी कुणी वऱ्हाडी बोलणार, कुणी हिंदी, कुणी तेलुगू. इंग्रजी फाटकाच्या आतच. म्हणून मॅडम प्रत्येक अवघड शब्दासाठी एक सोपा शब्द शोधायच्या आणि कार्ड करायच्या. पुढच्या बाजूला लाल शाईत अवघड शब्द, मागे निळ्या शाईत सोपा.

हे वाटतं तितकं सरळ नाही. एका अवघड शब्दाला चार-पाच जोडीदार असतात. जो अर्थाने सगळ्यांत जवळचा, तो बहुतेक वेळा स्वतःच अवघड. जो सगळ्यांत सोपा, त्याच्यात मूळ अर्थातलं थोडं सांडून जातं. म्हणून मॅडम पायऱ्या करायच्या. जवळच्या शब्दापासून सुरुवात, आणि ऐकणाऱ्याला कळेपर्यंत एकेक पायरी खाली. कळलं की तिथेच थांबायचं, उगाच तळाला जायचं नाही. मग तो शब्द पुस्तकातल्या वाक्यात अवघड शब्दाच्या जागी बसवून पाहायचा. वाक्य लंगडलं नाही, तर कार्ड पक्कं.

पण ऐकणारं कोण हवं? पोरांवर करून पाहिलं तर शब्द वर्गात आधीच फुटतो. दुसऱ्या मॅडमना विचारलं तर त्यांना सगळंच येतं. मग मॅडमना कांताबाई सापडली. तिला तेवढंच इंग्रजी यायचं जेवढं गावाच्या बोलण्यात मिसळलेलं, आणि केजीच्या दाराशी उभं राहून कानावर पडलेलं. मॅडमचा हिशोब असा, की जे हिला कळेल ते वर्गातल्या सगळ्यांत मागच्या पोराला कळेल.

"फीबल," मॅडम म्हणायच्या. "पहिली पायरी, फ्रेल."

"नाई समजलं."

"वीक."

"वीकनेस म्हणते ना डाक्टर? अंगात जोर नसते तो?"

"पास!"

मग मॅडम कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक 'कां' लिहायच्या. कांताचा कां. ते अक्षर कांताबाई दुरूनही ओळखायची. चौथीच्या वर्गातलं लाकडी खोकं त्या कार्डांनी भरत चाललं होतं, आणि ते झटकताना तिचा हात जरा हळू व्हायचा.

'व्हेकंट'च्या पायऱ्या उतरताना मॅडम 'एम्प्टी'वर आल्या, तेव्हा तर ती खळखळून हसली होती.

"अवं मॅडम, एमटी! कोयसा खाली करून ट्रक वापस येते, त्याले एमटी गाडी म्हणते. हे तं घुग्घुसचं कुत्रंही सांगंल!"

मॅडमही हसल्या होत्या. डब्यातली अर्धी पोळी त्यांनी त्या दिवशी कांताबाईपुढे केली होती. ते तिने दुसऱ्या आयाला, साबिराला, तीन वेळा सांगितलं.

"अर्धी पोळी दिली तं एवढं उडून राह्यली," साबिरा म्हणाली. "पूर्ण दिली असती तं उद्यापासून साडी सोडून कोट घातला असता तुनं."

साबिरा तोंडाची अशीच. पण जीव लावणारी.

जानेवारीत नोटीस आली. जूनपासून साफसफाईचं काम ठेकेदाराकडे. पंचावन्नच्या वरच्या आया कमी. साबिरा एक्कावन्नची होती, ती ठेकेदाराकडे जाणार होती. कांताबाई छप्पनची.

संस्थाचालक गुणवंतराव मात्र एक बोलले होते. वरच्या मजल्यावर लायब्ररी सुरू होणार होती. तिथे एक माणूस लागेल. खोली उघडायला, पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवायला, पोरांना पुस्तक काढून द्यायला. इंग्रजी नाव वाचता यायला हवं, बस.

कांताबाईला नावं वाचता यायची. अडखळत, पण यायची. केजीच्या भिंतीवरची अक्षरं सोळा वर्षं तिनेच पुसली होती.

"मी सरांना तुमचं नाव सांगते," मॅडम म्हणाल्या. "पण आधी माझा फेब्रुवारीतला डेमो होऊ द्या. नागपूरहून प्रकाशनाचे लोक येणार आहेत. माझं खोकं त्यांना पसंत पडलं तर ते छापतील, सगळ्या शाळांना जाईल. सर खूश असतील. तेव्हा बोलायला बरं पडेल."

झालं. कांताबाईची सगळी आशा त्या खोक्यात जाऊन बसली.

आणि तिथेच तिची चूक झाली. चूक कसली, हौस म्हणा. किंवा भीती.

डेमोच्या घाईत मॅडम चिडचिड्या झाल्या होत्या. रोज दहा-दहा शब्द. कांताबाई "नाई समजलं" म्हणाली की मॅडमच्या कपाळाला आठी. तीन पायऱ्या उतरूनही नाही समजलं, की पेन टेबलावर आपटायचं. "काय हो कांताबाई, इतकी वर्षं शाळेत राहून एवढंही नाही?" एकदा तर म्हणाल्या, "लायब्ररीत कशा बसाल तुम्ही?"

ते वाक्य कांताबाईच्या छातीत बसलं.

वर्ष संपलं की पोरं वह्या-पुस्तकं बाकात टाकून जातात. त्यातलं चौथीचं एक फाटकं गाईड कांताबाईने मागेच उचलून ठेवलं होतं, चुलीसाठी. ते तिने चुलीपासून वाचवलं. त्यात धड्यामागे शब्दार्थ असतात. अवघड इंग्रजी शब्द, बरोबरीची खूण, दुसरा इंग्रजी शब्द, आणि कंसात मराठी. रोज संध्याकाळी ती पुढच्या धड्याचे शब्द बोटाने ओढत वाचायची, भाकरी थापता थापता घोकायची. तव्यावरची एक-दोन करपली.

दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "रिलक्टंट. पहिली पायरी, अनविलिंग."

"मन नसणं. जायचं मन नसणं."

मॅडमनी मान वर केली. "अरे वा! पास."

"पेरिल. पहिली पायरी, हॅझर्ड."

"धोका."

"पास!"

एका आठवड्यात चाळीस कार्डं झाली. सगळी पहिल्या पायरीवर. मॅडम पुन्हा गोड झाल्या. कांताबाई हवेत. खोटं ती एकही बोलली नव्हती, तिला समजतच होतं. फक्त आधी पाहून ठेवलं होतं, एवढंच तिने सांगितलं नव्हतं.

साबिराला मात्र सांगितलं. साबिराने विडा घडी करता करता हात थांबवला.

"काऊन व कांता, तू तं तराजू हायेस ना तिचा?"

"मंग?"

"मंग काय! तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवून ठेवली तुनं. आता माल कमी असन तरी काटा भारी दाखवन. फसन ती. अन् काट्याले कोनी माफ करत नाई, बाई."

"तुले जलन होऊन राह्यली."

"हो, लय! मलेही लायब्ररीत बसून मच्छर मारायचे होते."

डेमोच्या दिवशी हॉलमध्ये पालक, पुढच्या रांगेत गुणवंतराव आणि नागपूरचे दोन पाहुणे. चौथीची वीस पोरं फळ्यापुढे. कांताबाई दाराशी, पाण्याच्या ग्लासांचा ट्रे घेऊन. कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. आदल्या दिवशी तिने वरच्या मजल्यावर जाऊन लायब्ररीची खिडकीही पुसून घेतली होती, कुणी न सांगता.

सुरुवात झकास झाली. 'कन्सील' म्हणजे 'हाइड', मॅडमनी कार्ड उलटलं, पोरं खिदळत बाकांमागे लपली. 'फीबल' म्हणजे 'वीक', एक पोरगी म्हातारीसारखी वाकून चालली. पाहुण्यांनी माना हलवल्या. गुणवंतरावांनी पाय पसरले.

मग मॅडमनी फळ्यावर नवं वाक्य लिहिलं. धड्यातला हत्ती नदी ओलांडायला 'रिलक्टंट' होता. कार्ड उलटलं. अनविलिंग.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"अनविलिंग!" मॅडम जरा मोठ्याने म्हणाल्या. जणू मोठ्याने म्हटलं की अर्थ बाहेर पडतो. "उमेरा, यू शो. हाऊ वॉज द एलिफंट?"

उमेरा वर्गातली हुशार. ती उभी राहिली, हाताची सोंड केली, आणि नदीत शिरून मजेत पोहायला लागली.

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी ते कार्ड खाली ठेवून दुसरं घेतलं. 'पेरिल'. मागे 'हॅझर्ड'. वीस कोरी तोंडं. तिसरं घेतलं, तेही त्याच आठवड्यातलं. एक पाहुणा घड्याळ बघायला लागला. मॅडमच्या मानेवर लाल डाग चढत गेले. कार्डं उलटताना कोपऱ्यातला तो 'कां' त्यांना दिसत होता, आणि दाराशी उभ्या कांताबाईलाही दिसत होता.

 तिला ती पायरी दिसत होती. सगळ्यांत खालची. केजीचं शेंबडं पोरही 'आय वॉन्ट वॉटर' म्हणतं. विजेच्या डब्यावर, कवटीच्या चित्राखाली 'डेंजर' लिहिलेलं असतं. मॅडमची अब्रू चालली होती, पोरांची चालली होती, आणि ती चालवली होती हिने. तिला राहवलं नाही.

"उमेरा," ती दारातून म्हणाली, "ही डिड नॉट वॉन्ट टू गो! हत्तीले जायचं नाई ना व!"

उमेराचा चेहरा एकदम उजळला. तिने टाचा जमिनीत रोवल्या, मान मागे ओढली. वीसही पोरांनी टाचा रोवल्या. वीस हत्ती हटायला तयार नव्हते.

"अन् ते दुसरं, डेंजर!"

"डेंजर, डेंजर!" पोरं ओरडली.

हॉल हसला. टाळ्याही पडल्या. आणि मागून एक बाप, पोट धरून हसत म्हणाला, "सर, आयाबाईले मॅडम करा अन् मॅडमच्या हाती पोछा द्या!"

मग जे हसू झालं, त्यात पाहुणेही होते. गुणवंतरावही होते. मॅडम पण हसल्या. नुसते दात दिसले.

कार्यक्रमानंतर ऑफिसात चहा न्यायला कांताबाईच गेली. आत गुणवंतराव आणि मॅडम दोघेच. पाहुणे खोकं मागून गेले होते, फक्त ती चाळीस कार्डं दुरुस्त करून पाठवा म्हणाले होते. म्हणजे बुडालं काहीच नव्हतं. कांताबाईला हायसं वाटलं. तिने कपात चहा ओतायला घेतला.

दोघे इंग्रजीत बोलू लागले, आयासमोर बोलतात तसे. गुणवंतरावांचं इंग्रजी बेताचंच. त्यामुळे त्यांच्याशी बोलताना मॅडम नेहमी खालच्या पायरीवरचे शब्द घेत. आजही घेतले.

"दिस वुमन इज गुड," गुणवंतराव म्हणाले. "लायब्ररी?"

कांताबाईने धार बारीक केली, नीट ऐकू यावं म्हणून.

"नो, सर." मॅडमनी साखर ढवळली. "शी वॉज एम्प्टी. दॅट वॉज गुड फॉर माय वर्क. नाऊ शी इज फुल. शी इज नो यूज."

"बट शी कॅन रीड."

"टुडे शी टॉक्ड इन माय क्लास. टुमॉरो शी विल टॉक इन युअर ऑफिस." मॅडमनी एक घोट घेतला. "गिव्ह मी अ न्यू वन, सर. अ‍ॅन एम्प्टी वन."

गुणवंतरावांनी खांदे उडवले. "ओके."

एकही शब्द असा नव्हता की ज्याला दुसरी पायरी लागावी. एम्प्टी तिला ट्रकवाल्यांनी शिकवला होता, फुल पेट्रोल पंपाने, नो यूज तिनेच मागच्या पावसाळ्यात एका कार्डावर पास केला होता. सोळा वर्षांत ऐकलेलं पहिलं इंग्रजी बोलणं जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिला समजलं, ते हे.

बशीत चहा सांडला.

"सांभाळून, कांताबाई," मॅडम मराठीत म्हणाल्या, आवाजात गूळ. "आत्ताच सरांशी तुमच्याबद्दल बोलले हो मी. सर म्हणतात, यंदा जमत नाही, पुढच्या वर्षी बघू. मी खूप सांगितलं."

कांताबाईने फडक्याने बशी पुसली. "मले समजलं, मॅडम."

"हो ना? समजूतदार आहात तुम्ही."

तिने ट्रे उचलला. दारापर्यंत गेली असेल, मागून मॅडम म्हणाल्या, "आणि एक बघा. ठेकेदाराच्या बायकांत तुमच्या ओळखीची कुणी आहे का, जिला इंग्रजीचा गंधही नाही? मला जूनपासून लागेल. शाळेत गेलेलीच नसली तर उत्तम."

"पाह्यतो," कांताबाई म्हणाली.

मार्चभर कामं तीच होती. एक वाढलं. खोकं नागपूरला जायचं होतं, आणि कार्डांच्या कोपऱ्यातली ती पेन्सिलीची खूण पाहुण्यांना विचित्र वाटली होती. मॅडमनी खोडरबर दिला. "एवढं खोडून टाका. हलक्या हाताने हं, शाई नको पुसायला."

तीनशे अकरा कार्डं होती. डब्याच्या सुट्टीत ती चौथीच्या वर्गात खाली बसून एकेक 'कां' खोडायची. वर टेबलाशी मॅडम जेवायच्या. अर्धी पोळी आता कुणी पुढे करत नव्हतं. पदरात खोडरबराचा काळा चुरा साचायचा. उठताना ती झटकायची आणि तोच चुरा पुन्हा झाडून काढायची, कारण फरशी तिचीच होती. ती चाळीस कार्डं मॅडमनी नव्याने केली होती, खालची पायरी लिहून, 'डिड नॉट वॉन्ट टू' आणि 'डेंजर' धरून. त्यांच्यावर खोडायला काही नव्हतं.

साबिरा एकदा दारातून डोकावली. चिंचेची गोष्ट तिच्या ओठावर आली असावी. पण ती खाली बसली, दुसरा खोडरबर घेतला आणि अर्धा गठ्ठा आपल्याकडे ओढला.

ठेकेदाराची माणसं एप्रिलातच काम बघायला येऊ लागली. त्यात खुशबू होती. भामरागडकडची, नवऱ्यामागे कोळशाच्या गावात आलेली, विशीतली, शाळेची पायरी न चढलेली. पाण्याच्या टाकीवरचं इंग्रजी तिने बोट लावून पाहिलं, जणू ते गरम असावं. मॅडमनी तिला लांबून न्याहाळलं आणि कांताबाईकडे बघून मान डोलावली. छान निवडलीत, अशी.

शेवटच्या दिवशी कांताबाईने खुशबूला फाटकाच्या किल्ल्या दाखवल्या, फिनाइल कुठे, केजीतलं कोणतं पोर शू सांगत नाही, हे सगळं सांगितलं. खुशबू मान हलवत होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, त्या मॅडम म्हणे रोज इंग्रजी विचारन. मले तं काईच येत नाई. काढून टाकन का मले?"

कांताबाईने तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या डोळ्यांत आतापासूनच ती हौस होती. चार दिवसांत हिचे कान उघडतील. पोरांचं ऐकेल, भिंतीवरचं वाचायला बघेल, कुठलंसं फाटकं पुस्तक उचलून आणेल. आणि ज्या दिवशी भरेल, त्या दिवशी संपेल.

"नाई काढत," ती म्हणाली. "तू फक्त म्हनत जाय, नाई समजलं. तिसऱ्या पायरीपर्यंत म्हनायचं. मंग एखादं समजलं म्हनायचं."

"अन् पयलंच समजलं तं?"

"तरी नाई समजलं."

"पन ते खोटं झालं ना, मावशी?"

कांताबाईने किल्ल्या तिच्या तळहातावर ठेवल्या आणि मूठ मिटवली.

"आतमंदी शिकत राह्यजो. जेवढं येते तेवढं शिकजो. तोंडावर दिसू देऊ नको."

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने मेणबत्ती लावली. हात जोडले. बुद्धं सरणं झालं, धम्मं झालं, संघं झालं. पंचशीलाची तीन शीलं झाली. चौथं शील असत्य न बोलण्याचं. मुसावादा म्हणायला तिने ओठ उघडले, आणि शब्द आला नाही. तो शब्द तिला चांगला समजत होता. ज्योत जरा कलली, सरळ झाली. कांताबाई तशीच हात जोडून बसली, मेणबत्ती बोटभर उरेपर्यंत, आणि त्या दिवशीचं पंचशील तिच्याकडून तिथेच राहिलं.